बायोडाटा कुणाच्या हाती जातो? उमेदवार आणि कंपन्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, भोसरी, तळेगाव आणि रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी आम्ही इंजिनिअर, सुपरवायझर, खरेदी आणि हिशेब विभागातली माणसे शोधून देतो. आमच्याकडे येणारे बहुतेक उमेदवार आज कुठेतरी नोकरीत असतात. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. "आमच्या साहेबांना कळणार नाही ना?" हा असतो. खालची बरीचशी उत्तरे त्या प्रश्नाभोवती फिरतात. उमेदवारांचे प्रश्न आधी आहेत, कंपन्यांचे नंतर. दोघांनीही दोन्ही भाग वाचले तर आमचे बरेच फोन वाचतील.

## नोकरी शोधणाऱ्यांसाठी

नाव नोंदवले की माझा बायोडाटा लगेच कंपन्यांकडे जातो का?

नाही, तो आमच्याकडेच राहतो. जागा निघाली की आम्ही फोन करून काम, ठिकाण, शिफ्ट आणि पगाराचा अंदाज सांगतो. तुम्हाला रस वाटला तर कंपनीचे नावही सांगतो. ते ऐकून तुम्ही हो म्हणालात, तर कंपनी आणि पद लिहिलेला एक मेल तुम्हाला येतो. त्याला तुमचे "संमती आहे" असे उत्तर आल्याशिवाय काहीही पुढे जात नाही, नाव झाकलेली माहितीसुद्धा नाही.

ही संमती त्या एका कंपनीपुरती आणि त्या एका पदापुरती असते. दोन महिन्यांनी तिथेच दुसरी जागा निघाली तर आम्ही पुन्हा विचारू. मेलऐवजी फोनवरचा होकार आम्ही धरत नाही, कारण पुढे वाद झाला तर त्याची तारीख आणि वेळ कुणालाच दाखवता येत नाही.

माझ्या सध्याच्या कंपनीला कळणार नाही, याची खात्री देता का?

आमच्याकडून कळणार नाही, एवढी देतो. बाकीच्या वाटा बऱ्याच आहेत आणि त्यातल्या काही तुमच्याच हातात आहेत. लिंक्डइनवरची "नोकरी शोधतोय" ही हिरवी चौकट सगळ्यांना दिसते. ती फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते, पण तुमच्या कंपनीतल्या भरतीवाल्यांपासून ती पूर्ण लपेल याची हमी लिंक्डइनही देत नाही. जॉब पोर्टलवर चालू कंपनीला ब्लॉक केले, तरी तिच्यासाठी भरती करणारी बाहेरची एजन्सी स्वतःच्या लॉगिनने तुमचे नाव पाहू शकते. आणि "क्वालिटीच्या जागा, पुणे" अशा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली फाइल तर परत घेताच येत नाही. तुम्ही मेसेज पुसेपर्यंत ती कित्येक फोनमध्ये उतरलेली असते.

"नाव झाकलेली माहिती" म्हणजे काय? नाव आणि मोबाईल नंबर काढला की झाले ना?

तिथेच बहुतेकांची फसगत होते. औद्योगिक पट्टा लहान असतो. क्वालिटीची माणसे एकमेकांना पुरवठादारांच्या ऑडिटमध्ये भेटलेली असतात, त्यामुळे नाव नसले तरी माणूस ओळखू येतो.

एक नमुना घेऊ. गिअर बनवणाऱ्या कारखान्यातला सात वर्षे अनुभवाचा क्वालिटी इंजिनिअर आहे. त्याच्या बायोडाट्यात या ओळी आहेत: डिप्लोमा, अमुक पॉलिटेक्निक, २०१८. सध्या चाकणच्या तमुक कंपनीत. ट्रॅक्टर बनवणाऱ्या अमक्या कंपनीसाठी पीपॅपची जबाबदारी. २०२३ मध्ये लाइनवरचे रिजेक्शन ४.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आणले. २०२२ चा उत्कृष्ट कर्मचारी पुरस्कार.

कंपनीचे नाव काढले, तरी गिअर, चाकण आणि ट्रॅक्टरवाला ग्राहक या तीन गोष्टी एकत्र आल्या की दोन-तीनच कारखाने उरतात. पॉलिटेक्निक आणि वर्ष लिंक्डइनवर टाकले की माणूस सापडतो. पुरस्काराचा फोटो तर कंपनीनेच फेसबुकवर टाकलेला असतो.

म्हणून आम्ही लिहितो: "मेकॅनिकल डिप्लोमा. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कारखान्यात सहा ते आठ वर्षे. मशिनिंग आणि हीट ट्रीटमेंटनंतरची तपासणी, मोठ्या ग्राहकाच्या पीपॅपची स्वतंत्र जबाबदारी. लाइनवरचे रिजेक्शन सुमारे पाव हिश्श्यावर आणले. पुणे जिल्ह्यात कुठेही येण्याची तयारी. नोटीस पिरियड दोन महिने." पुरस्कार गेला, पॉलिटेक्निक गेले, ग्राहक गेला. पण या माणसाला भेटावे की नाही, हे ठरवायला क्वालिटी मॅनेजरला एवढे पुरते.

आकडे काढण्याला आणखी एक कारण आहे. ४.२ आणि १.१ ही तुमच्या कंपनीची आतली माहिती आहे. रुजू होताना सही केलेल्या गोपनीयतेच्या करारात ती बहुधा मोडते, आणि ग्राहकाचे नाव, भागाचा नंबर, ड्रॉइंगचा तपशीलही. उत्साहाच्या भरात हे सगळे बायोडाट्यात उतरते.

झाकलेली माहिती पाठवण्याआधी उमेदवाराला न ओळखणारा आमचा एक सहकारी ती वाचतो आणि दहा मिनिटे इंटरनेटवर तो माणूस शोधून पाहतो. सापडला, तर आम्ही आणखी झाकतो.

मग कुणालाही असे झाकता येते?

नाही. प्लांट हेड, एखाद्या दुर्मिळ प्रक्रियेतला मेटलर्जिस्ट किंवा या भागात मोजक्याच ठिकाणी असलेल्या मशीनचा प्रोग्रामर असेल, तर खरे एक वाक्य लिहिले तरी ओळख पटते. अशा वेळी आम्ही कागद पाठवतच नाही. समोरच्या कंपनीतल्या कुणाशी बोलायचे ते उमेदवार स्वतः ठरवतो, आणि आम्ही त्या एकाच व्यक्तीशी तोंडी बोलतो. याला वेळ लागतो. कधी जागा हातची जातेही.

मी पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढून पाठवू का?

पाठवा, पण आधी तपासा. बऱ्याच प्रोग्राममध्ये ती पट्टी अक्षरांच्या वर नुसती ठेवलेली असते आणि खाली अक्षरे तशीच राहतात. फाइल उघडून सगळा मजकूर सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव उमटले, तर पट्टीचा उपयोग शून्य. ज्या ओळी नकोत त्या मूळ फाइलमधून पुसून नवी पीडीएफ काढणे हाच सरळ मार्ग.

वर्डच्या फाइलची गंमत वेगळी. ती ऑफिसच्या लॅपटॉपवर बनवली असेल तर लेखक म्हणून तुमचे नाव आणि कधी कधी कंपनीचेही नाव फाइलच्या आत बसलेले असते. वर्डमध्ये ते `File > Info > Check for Issues > Inspect Document` इथून काढता येते. फाइलचे नावही बदला. आत सगळे झाकलेले आणि वर आडनावासकट कंपनीचे नाव, अशा फाइल आमच्याकडे नेहमी येतात. मुळात हे काम ऑफिसच्या लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या मेलवरून करूच नका.

कोणत्या कंपन्यांकडे माझी माहिती जाऊ नये, हे मी सांगू शकतो का?

सांगायलाच हवे. नोंदणीच्या वेळी तुमच्याकडून तीन याद्या घेतो. पहिली सध्याच्या कंपनीची. दुसरी त्याच मालकांच्या किंवा समूहाच्या इतर कंपन्यांची. त्यांची कागदोपत्री नावे पूर्ण वेगळी असू शकतात, त्यामुळे ती आम्हाला नावावरून ओळखता येतीलच असे नाही. तुम्हाला मात्र बहुधा ठाऊक असतात. तिसरी यादी ग्राहक आणि पुरवठादारांची, आणि लोक हीच विसरतात. तुमची कंपनी ज्यांना माल देते त्यांच्याकडे अर्ज केला, तर तिथला खरेदी अधिकारी तुमच्या साहेबांशी आठवड्यातून दोनदा बोलत असतो. शिवाय एकमेकांची माणसे घ्यायची नाहीत, असा अलिखित समजही अशा कंपन्यांत पुष्कळदा असतो.

माझी सध्याची कंपनी तुमचीच ग्राहक असेल तर?

आमच्या ग्राहक कंपनीतल्या माणसाला आम्ही स्वतःहून फोन करत नाही. तुम्ही आपणहून आलात तर नोंदणी होते आणि ती तुमच्या कंपनीला सांगितली जात नाही. "आमच्यापैकी कुणी तुमच्याकडे आलेय का?" असे कंपन्या विचारतात. कुणी आलेले असो वा नसो, आमचे उत्तर एकच असते: याबद्दल आम्ही काही सांगत नाही. कुणी आले नसताना आम्ही बिनधास्त "नाही" म्हणू लागलो, तर ज्या दिवशी गप्प बसू त्याच दिवशी उत्तर मिळेल.

बायोडाट्यात काय नको? आणि आधार, पॅन, सॅलरी स्लिप कधी द्यायची?

आधार आणि पॅन क्रमांक, जन्मतारीख, घराचा पूर्ण पत्ता, वडिलांचे नाव, धर्म-जात, वैवाहिक स्थिती यातले काहीही नको. लग्नाच्या बायोडाट्यात शोभणारी ही माहिती नोकरीच्या कागदात सवयीने येते. राहण्याचा भाग तेवढा लिहा, म्हणजे बसच्या मार्गाचा अंदाज येतो.

ऑफरची बोलणी सुरू झाल्यावर कंपनी शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागते, ते रास्त आहे. पण स्लिपवर पॅन, पीएफचा यूएएन आणि बँक खाते क्रमांकही असतो. पगार पडताळायला यातले काही लागत नाही, तेव्हा ते खोडून द्या. ओळखीचा पुरावा रुजू होताना द्यायचा. त्याआधी कुणी अडूनच बसले तर मास्क केलेले आधार द्या, त्यात शेवटचे चार अंकच दिसतात.

सध्याच्या कंपनीत माझी चौकशी होईल का?

राजीनामा मंजूर झाल्याचे तुम्ही लेखी कळवेपर्यंत आम्ही करत नाही आणि कंपन्यांनाही करू देत नाही. जुन्या कंपन्यांतली चौकशी तुम्ही दिलेल्या नावांकडेच होते. एक मात्र लक्षात ठेवा: यूएएनवरून आधीच्या नोकऱ्यांचा माग निघतो. एखादी आठ महिन्यांची नोकरी लपवण्यापेक्षा ती आम्हाला आधी सांगा.

मुलाखतीला जाताना काय सांभाळू?

गेटवरचे रजिस्टर. वॉचमन "कुठून आलात?" म्हणतो, माणूस सवयीने चालू कंपनीचे नाव लिहितो, आणि दुपारी तुमच्याच कंपनीचा पुरवठा विभागातला माणूस त्याच पानावर खालच्या ओळीत सही करतो. तिथे राहण्याचे गाव लिहा. ग्राहक कंपन्यांनी एचआरच्या पाहुण्यांसाठी वेगळी चिठ्ठी ठेवावी असे आम्ही सांगतो, पण सगळीकडे ते होत नाही. गणवेश आणि गळ्यातले कार्ड काढून जा. पहिली फेरी शिफ्टनंतर व्हिडिओवर व्हावी, असा आमचा आग्रह असतो.

माझ्याकडून पैसे घेता का?

नाही. नोंदणीचे नाही, मुलाखतीचे नाही, पहिल्या पगारातलेही नाही. परदेशातल्या नोकऱ्यांचे काम आम्ही करत नाही. त्यासाठी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेला एजंट लागतो, आणि ती नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते.

माझी माहिती काढून टाका म्हटले तर?

नोंदवलेल्या मेलवरून एक ओळ लिहा. चालू नोंदीतून सात दिवसांत आणि बॅकअपमधून पुढच्या तीस दिवसांत ती जाते. तुम्ही काही कळवले नाही, तर शेवटच्या संपर्कानंतर बारा महिन्यांनी आम्ही विचारतो आणि उत्तर आले नाही तर पुसतो.

तीन गोष्टी मात्र उरतात. तुमच्या संमतीने ज्या कंपनीला बायोडाटा गेला, तिच्या मेलबॉक्समध्ये आमचा हात पोचत नाही. करारानुसार तिने निवड न झालेल्यांची माहिती ९० दिवसांत पुसायची असते, आणि तुमची मागणी आम्ही तिला त्याच दिवशी कळवतो. तुम्ही आमच्यामार्फत रुजू झाला असाल, तर आमच्या बिलावर तुमचे नाव असते. जीएसटी कायद्यानुसार ते बिल वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागते. आणि संमतीचा मेल आम्ही वाद निघाल्यास दाखवता यावा म्हणून बारा महिने वेगळा ठेवतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बंधने टप्प्याटप्प्याने येत आहेत. माहिती पाहणे, दुरुस्त करणे आणि पुसायला लावणे हे हक्क त्यात आहेत, आणि संमतीची सूचना मराठीत मागण्याचाही. आमची सूचना मराठीतच आहे.

## कंपन्यांसाठी

आम्ही फी देणार, मग पूर्ण बायोडाटा आधी का नाही?

कारण तो उमेदवार अजून दुसऱ्याच्या पगारावर आहे. झाकलेल्या माहितीवरून तुम्ही भेटायचे ठरवले की त्याच दिवशी पूर्ण बायोडाटा मिळतो. तुम्ही नाव दिलेल्या दोन व्यक्तींना चौदा दिवस चालणारी लिंक जाते, आणि पानावर पाहणाऱ्याचे नाव उमटलेले असते. स्क्रीनचा फोटो कुणी काढलाच तर आम्ही अडवू शकत नाही. पण पानावर आपलेच नाव असले की माणूस तो फोटो पुढे पाठवताना विचार करतो.

मुलाखत घेणारे पाच जण आहेत. सगळ्यांना मेल करू का?

नको. नावे कळवा, आम्ही प्रत्येकाला वेगळी लिंक देतो.

त्याच्या कंपनीत आमच्या ओळखीचे आहेत. सहज एक फोन करून विचारले तर?

करू नका. बायोडाटा फुटण्याची आम्ही पाहिलेली सर्वांत मोठी वाट हीच, आणि ती कधीही वाईट हेतूने उघडत नाही. तुमचा प्रॉडक्शन मॅनेजर जुन्या मित्राला विचारतो, "तुमच्याकडचा तो क्वालिटीवाला कसा आहे?" मित्र चांगलेच सांगतो. पण संध्याकाळी तो आपल्या साहेबांना म्हणतो की आपला माणूस बाहेर बघतोय. पुढच्या आठवड्यात त्या माणसाची वेतनवाढ थांबते, किंवा त्याला घाईघाईने जास्त पगार देऊन थांबवतात. दोन्ही प्रकारांत तुमची जागा रिकामीच राहते.

असा फोन झाल्याचे कळले की आम्ही उमेदवाराला सांगतो आणि त्या जागेचे काम थांबवतो. करारात ते लिहिलेले आहे. त्याच्या कामाबद्दल खात्री हवी असेल, तर आधीच्या कंपनीतले दोन वरिष्ठ उमेदवाराकडून मागून देतो.

आमचीच भरती गुप्त आहे. सध्याच्या माणसाला कळू न देता जागा भरायची आहे.

जाहिरातीत आणि पहिल्या फोनवर तुमचे नाव येणार नाही. पण तुमची कंपनी उमेदवाराच्या नकोच्या यादीत नाही हे पाहिल्यावर, त्याची माहिती तुमच्याकडे येण्याआधी, त्याला तुमचे नाव सांगावे लागेल. नाहीतर समूहातल्याच एखाद्या कंपनीकडे त्याचा कागद नकळत जायचा. ज्यांना हे मान्य नसते, त्यांचे काम आम्ही घेत नाही.

एकच उमेदवार दोन एजन्सींकडून आला तर फी कुणाची?

ज्याच्याकडे त्या पदासाठी उमेदवाराची आधीची लेखी संमती आहे, त्याची. आमच्या मेलवर कंपनी, पद आणि वेळ असते, ती आम्ही दाखवतो. दुसऱ्याची संमती आधीची निघाली तर आम्ही बाजूला होतो. हा वाद लवकर मिटायला हवा, कारण दोन बिलांची भीती वाटली की कंपनी वाद सोडवत बसत नाही, उमेदवारच वगळते. आमच्या संमतीवरचा दावा सहा महिने टिकतो.

फी किती?

वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. त्यावर १८ टक्के जीएसटी. सीटीसी ९,००,००० असेल तर फी ७४,९७० रुपये, जीएसटी १३,४९४.६० रुपये, एकूण ८८,४६४.६० रुपये. सीटीसीमध्ये काय धरायचे हे आधी ठरवून घ्या. आम्ही ठरलेला पगार आणि भत्ते धरतो, कामगिरीवर मिळणारा बोनस धरत नाही. बिल माणूस रुजू झाल्यावर निघते.

माणूस महिन्याभरात सोडून गेला तर?

रुजू झाल्यापासून ९० दिवसांत तो स्वतःहून गेला किंवा कामामुळे तुम्ही काढला, तर दुसरा माणूस फी न घेता शोधून देतो. सांगितलेली शिफ्ट, ठिकाण किंवा पगार तुम्ही नंतर बदलला असेल तर नाही. जागेचे कागद भरताना शिफ्ट आणि शनिवारची सुट्टी स्पष्ट लिहा. पहिल्या महिन्यात जाणारे बहुतेक जण पगारामुळे जात नाहीत, "जनरल शिफ्ट" सांगून रात्रपाळी दिल्यामुळे जातात.

निवड न झालेल्यांचे बायोडाटे पुढच्या जागेसाठी ठेवले तर चालेल का?

९० दिवसांनंतर नाही, आणि त्याआधीही दुसऱ्या पदासाठी वापरायचे असतील तर उमेदवाराला विचारून. माहिती तुमच्या हाती आली की कायद्याने तुमचीही स्वतंत्र जबाबदारी सुरू होते, "एजन्सीने दिली होती" हे उत्तर चालत नाही. सुरक्षेत कसूर झाल्यास कायद्यातल्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान कारखान्याला तेवढा होईल असे नाही, पण शेअर केलेल्या ड्राइव्हमधला "जुने बायोडाटा" नावाचा फोल्डर एकदा उघडून पाहा.

## दोघांसाठी

तुमच्या नावाने कुणी पैसे मागितले, किंवा बनावट ऑफर आली तर?

पैसे देऊ नका. आमच्या नावाने ऑफर लेटर येणे हीच पहिली खूण, कारण ऑफर नेहमी कंपनी देते, तीही तिच्या स्वतःच्या मेलवरून. "लॅपटॉपचे डिपॉझिट" किंवा "पोलिस पडताळणीची फी" म्हणून क्यूआर कोड येणे ही दुसरी. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा, मग cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येतात ते पहिल्या काही तासांतच. आम्हाला त्यानंतर कळवले तरी चालेल. फक्त ज्या नंबरवरून मेसेज आला त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, चॅट पुसू नका.